लॅपटॉपला मॉनिटर दिसतो, पण मॉनिटर म्हणतो No Signal: एका एचडीएमआय केबलचं प्रकरण

नाशिकमधलं एका सीएंचं छोटं ऑफिस. मॅडमच्या टेबलावर वर्षानुवर्षं २२ इंची मॉनिटर होता, १९२० × १०८० चा. एक्सेलच्या लांबलचक शीट्ससाठी तो अपुरा पडायला लागला म्हणून त्यांनी २७ इंची, २५६० × १४४० चा नवा मॉनिटर घेतला. जुना काढला, नवा ठेवला, तीच केबल, तोच लॅपटॉप. मॉनिटरवर कंपनीचा लोगो आला, मग No Signal, मग काळोख, आणि बटणाजवळचा दिवा पांढऱ्याचा नारिंगी झाला.

लॅपटॉपचं म्हणणं मात्र वेगळं होतं. विंडोज ११ च्या Settings मध्ये System > Display उघडलं की दोन चौकोन दिसत होते, १ आणि २. दुसऱ्या चौकोनावर क्लिक केलं की मॉनिटरचं मॉडेल नावासकट येत होतं, रिझोल्यूशन २५६० × १४४० बरोबर दाखवत होतं. माउस उजवीकडे नेला की तो लॅपटॉपच्या स्क्रीनबाहेर निघून जायचा, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने दुसरा स्क्रीन चालू होता आणि माउस तिथे फिरत होता. टॅलीची विंडो एकदा तिकडे गेली ती दिसेनाच. शेवटी Shift + Win + डावा बाण दाबून परत आणली.

मी पोचायच्या आधी दोन निष्कर्ष काढून झाले होते. दुकानदार म्हणाला, मॉनिटर आमच्याकडे लावून बघितला, चालतोय, तेव्हा तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट गेलाय. बाहेरून बोलावलेल्या एका मुलाने रिझोल्यूशन कमी करून पाहिलं, तरी चित्र आलं नाही, म्हणून त्यानेही पोर्टवरच बोट ठेवलं आणि मदरबोर्ड रिपेअरचा खर्च सांगितला. केबलवर कुणाचाच संशय नव्हता. "अहो, आदल्या दिवसापर्यंत हीच केबल चालत होती," असं मॅडम म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

ओळख पटली याचा अर्थ काय

या तक्रारीत माणसं सगळ्यात जास्त फसतात ती एका समजुतीमुळे. लॅपटॉपने मॉनिटरचं नाव दाखवलं म्हणजे केबल चांगली आणि पोर्टही चांगला, असं आपण धरून चालतो. नाव दिसण्याचा आणि चित्र दिसण्याचा रस्ताच वेगळा आहे.

एचडीएमआयच्या पोर्टमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या पहिल्या १२ चित्रासाठी: तीन जोड्या रंगांच्या माहितीच्या, एक जोडी क्लॉकची आणि प्रत्येक जोडीला तिचं शील्ड. ओळखीचं काम उरलेल्यांपैकी मोजक्या पिना करतात. १८ नंबरच्या पिनेवरून लॅपटॉप ५ व्होल्ट पाठवतो. मॉनिटर १९ नंबरच्या पिनेवर व्होल्टेज चढवून "मी जोडलेला आहे" असं कळवतो. मग १५ आणि १६ या दोन पिनांवरून लॅपटॉप मॉनिटरमधली एक छोटी चिप वाचतो. त्या चिपमधल्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. त्यात कंपनीचा संकेत, मॉडेलचं नाव आणि मॉनिटरला कोणतं रिझोल्यूशन हवं हे लिहिलेलं असतं.

हे वाचन फार संथ चालतं, सेकंदाला साधारण एक लाख ठोक्यांच्या गतीने. चित्राच्या जोड्यांवरून २५६० × १४४०, ६० हर्ट्झचं चित्र पाठवायचं तर प्रत्येक जोडीवरून सेकंदाला सुमारे २४१ कोटी बिट जावे लागतात. घाटातल्या ज्या अरुंद वळणावरून दुचाकी आरामात निघते तिथे कंटेनर अडकतो, तसंच हे. जी केबल ईडीआयडी निवांत पोचवते ती चित्र पोचवेलच असं नाही. शिवाय तारा वेगळ्या असल्याने चित्राची एक जोडी पूर्ण तुटली तरी मॉनिटरचं नाव लॅपटॉपवर झळकत राहतं.

ऑफिसात हे मी सगळ्यांसमोर करून दाखवलं, कारण पोर्टचा खर्च करायचा की नाही हा निर्णय त्यावर अवलंबून होता. मॉनिटरची वीज भिंतीच्या बटणावरून बंद केली, एचडीएमआय केबल तशीच ठेवली आणि लॅपटॉपवर Display पुन्हा उघडलं. दुसरा चौकोन नावासकट हजर. आर्टिकलशिप करणारी मुलगी म्हणाली, "दादा, पण मॉनिटर तर बंद आहे!" मॉनिटर बंदच होता. ती छोटी चिप लॅपटॉपने पाठवलेल्या ५ व्होल्टवर जागी होती. सगळेच मॉनिटर असं करत नाहीत, पण बरेच करतात. वीज नसलेला मॉनिटरही जर "सापडला" म्हणून दिसत असेल, तर सापडण्यावरून केबलच्या किंवा पोर्टच्या तब्येतीबद्दल फारसं काही कळत नाही. फक्त त्या चार-पाच पिना जागेवर आहेत एवढं कळतं.

आधी जे झटपट तपासून बाजूला केलं

विंडोजला मॉनिटर सापडला, पण त्यावर चित्र पाठवायचंच नाही असं ठरलेलं असू शकतं. Win + P दाबल्यावर PC screen only निवडलेलं असेल तर नाव दिसतं आणि मॉनिटर No Signal म्हणतो. या लक्षणाचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. इथे माउस उजवीकडे जात होता, म्हणजे Extend चालू होतं. तो प्रश्न तिथेच मिटला.

मॉनिटरच्या मेनूत Input Source ऑटोवर होता. या मॉनिटरला दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट आहे. ऑटोवर विसंबू नये, केबल ज्या पोर्टात आहे तोच हाताने निवडावा. निवडलेला नसलेला पोर्टही लॅपटॉपला ईडीआयडी देत राहतो, त्यामुळे केबल HDMI 2 मध्ये आणि मॉनिटर HDMI 1 वर असला तरी लॅपटॉपला सगळं व्यवस्थितच दिसतं. इथे HDMI 1 हाताने निवडला, फरक पडला नाही. केबल दुसऱ्या एचडीएमआयमध्ये घालून तो निवडला, तरीही तेच.

पडद्यावरचे शब्द नीट वाचावेत. No Signal आणि Out of Range (काही मॉनिटरवर Input Not Supported) यांचे अर्थ वेगळे आहेत. दुसऱ्या संदेशात चित्र मॉनिटरपर्यंत पोचलेलं असतं, फक्त ते रिझोल्यूशन किंवा तो रिफ्रेश रेट त्याला पेलत नाही. तिथे दोष सेटिंगचा असतो, केबलचा सहसा नसतो. No Signal मध्ये मॉनिटरला ओळखण्याजोगं चित्र मिळतच नाही. आमच्याकडे कायम No Signal होतं.

मग दोन्ही वस्तूंची वीज काढून मिनिटभर थांबून पुन्हा जोडलं. कधी कधी सुरुवातीची देवाणघेवाण मध्येच अडकते आणि एवढ्याने सुटते. ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा चालू करायला Win + Ctrl + Shift + B दाबलं. स्क्रीन क्षणभर चमकली, मॉनिटर तसाच.

पोर्टांत टॉर्च मारून पाहिलं. लॅपटॉपच्या पोर्टात कचरा नव्हता, मधली जीभ सरळ होती, पिना एका रांगेत होत्या. प्लग पूर्ण आत बसतो का तेही बघितलं. एचडीएमआयला खटका किंवा स्क्रू नसतो. काही केबलच्या प्लगवरचं प्लास्टिक इतकं जाड असतं की लॅपटॉपच्या कडेला अडतं आणि प्लग दीडेक मिलिमीटर बाहेर राहतो. इथे तो पूर्ण बसत होता आणि हलवूनही ढिला वाटत नव्हता.

रिझोल्यूशन कमी केलं, पण खरंच कमी झालं का?

आता त्या मुलाच्या चाचणीकडे वळू, कारण गोंधळाचं मूळ तिथे होतं. त्याची कल्पना योग्य होती. केबल कमकुवत असेल तर कमी रिझोल्यूशनवर चित्र यायला हवं. त्याने Display resolution मध्ये १९२० × १०८० निवडलं, मॉनिटर तरीही No Signal, आणि त्याने केबलला क्लीन चिट दिली.

मी तेच पुन्हा केलं, पण त्यानंतर खाली Advanced display उघडलं. तिथे दुसरा मॉनिटर निवडल्यावर दोन ओळी दिसतात. आमच्याकडे त्या अशा होत्या:

```
Desktop mode:        1920 × 1080, 60 Hz
Active signal mode:  2560 × 1440, 60 Hz
```

पहिली ओळ म्हणजे विंडोज डेस्कटॉप किती पिक्सेलमध्ये रेखाटतो ते. दुसरी ओळ म्हणजे केबलवरून प्रत्यक्षात काय जातं ते. रिझोल्यूशन बदललं तेव्हा डेस्कटॉप लहान झाला. तो ग्राफिक्स चिपने आतल्या आत ताणून पुन्हा २५६० × १४४० केला आणि तसाच केबलवर सोडला. केबलवरचा भार एका बिटानेही हलका झाला नव्हता. ती चाचणी केबलची झालीच नव्हती. (विंडोज १० मध्ये याच ओळी Desktop resolution आणि Active signal resolution या नावांनी येतात.)

असं सगळ्याच लॅपटॉपवर होत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हरची स्केलिंगची सेटिंग काय आहे यावर ते ठरतं. म्हणून अंदाजाने न ठरवता प्रत्येक बदलानंतर दुसरी ओळ वाचायची. माझ्या मते या सगळ्या तपासणीत ती एक ओळ सर्वात मोलाची आहे, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही.

केबलवरचा सिग्नल खरोखर बदलायचा तर Advanced display मध्येच Display adapter properties for Display 2 वर क्लिक करायचं, उघडलेल्या खिडकीत Adapter टॅबवर List All Modes दाबायचं आणि तिथून रिझोल्यूशन व रिफ्रेश रेटची जोडी एकत्र निवडायची. ही खिडकी लॅपटॉपच्या स्क्रीनवरच उघडते, त्यामुळे मॉनिटर काळा असला तरी काम अडत नाही. बदल लागू केल्यावर विंडोज तो ठेवायचा का म्हणून विचारतो आणि १५ सेकंद उत्तर आलं नाही तर आपोआप मागे फिरतो. चित्र गेलं तर हात न लावता थांबायचं.

यादीतून सगळ्यात आधी १२८० × ७२०, ६० हर्ट्झ निवडलं. दोन सेकंद काळोख आणि मॉनिटरवर डेस्कटॉप आला. मोठा, धुरकट, पण स्थिर. Active signal mode वर आता 1280 × 720 होतं.

इथे प्रकरणाची दिशाच बदलली. लॅपटॉपचा पोर्ट चित्र सोडत होता, मॉनिटर ते घेत होता, चारही जोड्या जोडलेल्या होत्या. मदरबोर्डचा खर्च तिथल्या तिथे रद्द झाला.

मग पायरी-पायरीने वर गेलो. ७२० ला प्रत्येक जोडीवरून सेकंदाला साधारण ७४ कोटी बिट जातात. १९२० × १०८०, ६० हर्ट्झला १४८ कोटींच्या वर. हेही स्वच्छ आलं, आणि यावरच ही केबल इतकी वर्षं जुन्या मॉनिटरला पोसत होती. त्यानंतर यादीत १९२० × १०८० पण ७५ हर्ट्झ होतं, म्हणजे भार आणखी थोडा जास्त. चित्र आलं, पण डेस्कटॉपच्या गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे बारीक ठिपके चमकायला लागले. ते एका जागी नव्हते, क्षणभर इथे, क्षणभर तिथे. एक्सेलच्या पांढऱ्या शीटवर ते जवळजवळ दिसतच नव्हते. म्हणून अशा चाचणीला पार्श्वभूमी गडद ठेवावी. तो ठिपका म्हणजे वाटेत चुकलेला बिट. त्याच्या पुढची पायरी २५६० × १४४०, ६० हर्ट्झ, २४१ कोटी. तिथे ठिपके नाहीत, लहर नाही, अर्धवट चित्रही नाही. सरळ No Signal.

जुन्या व्हीजीए केबलची सवय असलेल्यांना ही शेवटची उडी पटत नाही. व्हीजीएमध्ये केबल खराब असली की चित्र पुसट व्हायचं, सावली पडायची, रंग जायचे. खराबी दिसायची. एचडीएमआयमध्ये चुका थोड्या असतात तोवर ठिपके दिसतात आणि त्या एका मर्यादेबाहेर गेल्या की मॉनिटरला ओळी आणि फ्रेम यांची सुरुवातच सापडत नाही. मग तो सिग्नल नाहीच असं धरतो. मधली अवस्था फार अरुंद असते. आमच्या नशिबाने ७५ हर्ट्झचा पर्याय नेमका त्या अरुंद पट्ट्यात पडला आणि दोष डोळ्यांना दिसला.

एकच वस्तू बदलायची

एवढं झाल्यावर संशय केबलवर पक्का होता, तरी तो सिद्ध करायचा होता. माझ्या बॅगेतली दीड मीटरची केबल लावली. बाकी काही हलवलं नाही: तोच पोर्ट, तोच मॉनिटर, तोच HDMI 1. List All Modes मधून २५६० × १४४०, ६० हर्ट्झ निवडलं आणि चित्र आलं. ७५ हर्ट्झवरही आलं, गडद पार्श्वभूमीवर एक ठिपका नाही.

मग उलट बाजू. ऑफिसची जुनी केबल दुसऱ्या लॅपटॉपला लावून त्याच मॉनिटरला जोडली. तिथेही १४४० ला No Signal आणि १०८० ला चित्र. दोष केबलबरोबर फिरतो आणि केबल बदलली की जातो, इतकं दोन्ही बाजूंनी दिसल्यावरच मी केबल फेकायला सांगतो. नुसती नवी केबल लावून चाललं एवढ्यावर थांबलं तर कधी कधी खरं कारण ढिला बसलेला प्लग असतो, जो केबल बदलताना आपोआप नीट बसतो, आणि आठवड्याने तक्रार परत येते.

दुकानदाराचं म्हणणंही आता जुळलं. त्याने मॉनिटर स्वतःच्या छोट्या केबलने तपासला होता, म्हणून तो चालला. तो खोटं बोलत नव्हता, पण मॉनिटर चांगला निघाला म्हणून लॅपटॉप वाईट असलाच पाहिजे असं नाही. मधली केबल त्याच्या हिशेबातच नव्हती.

जुनी केबल टेबलाखालून ओढून काढली. पाच मीटर लांब. लॅपटॉप आणि मॉनिटरमध्ये हातभर अंतर असताना ती इतकी लांब कशाला, तर आधी बसायची जागा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. उरलेली सगळी लांबी गुंडाळून ड्रॉवरच्या मागे खोचलेली होती आणि ड्रॉवरच्या रुळाने एका ठिकाणी तिला चेपलं होतं. तिथे वरचं आवरण चपटं झालं होतं, बोट फिरवलं की खळगा लागत होता. आतल्या जोड्या एका ठरावीक पिळाने आणि ठरावीक अंतराने गुंफलेल्या असतात. ते अंतर एका जागी जरी बिघडलं तरी वेगवान सिग्नल तिथे अंशतः परावर्तित होतो आणि पुढे कमी पोचतो. केबल सरळ करून पुन्हा लावून पाहिली. १०८० ला ७५ हर्ट्झवरचे ठिपके थोडे कमी झाले असतील, पण १४४० ला चित्र आलं नाही. चेपलेली जोडी सरळ केल्याने पूर्ववत होत नाही. लांबीचा वाटाही होताच. बारीक तारांच्या स्वस्त केबलमध्ये पाच मीटरवर सिग्नल बराच थकतो. दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळं काढायची गरज नव्हती.

तात्पुरतं आणि कायमचं

महिन्याची २० तारीख तोंडावर आली होती, जीएसटीआर-३बी भरायची घाई होती, आणि माझी केबल मला पुढच्या कामाला लागणार होती. मॅडमनी विचारलं, "नवीन केबल येईपर्यंत जुनीवर काम करता येईल का?" येईल. List All Modes मधून १९२० × १०८०, ६० हर्ट्झ लावलं आणि Active signal mode मध्ये तेच आल्याची खात्री केली. अक्षरं थोडी मऊ दिसतात, कारण प्रत्येक पिक्सेल पडद्याच्या सव्वा-दीड पिक्सेलवर पसरतो, पण चित्र स्थिर राहतं. ७५ हर्ट्झ लावू नका एवढं सांगितलं. ठिपके चालवून घेता येतात असं वाटतं, पण मधेच काळोख झाला की ऐन फाइलिंगच्या वेळी मनस्ताप होतो.

नवी केबल दोन मीटरची मागवली. विकत घेताना पाकिटावर "४के" किंवा "२.०" असं छापलंय यावर जाऊ नये. केबलची प्रत ठरवणारी नावं वेगळी आहेत. High Speed ही १०.२ गिगाबिटपर्यंत, Premium High Speed १८ पर्यंत आणि Ultra High Speed ४८ पर्यंत. शेवटच्या दोन प्रकारांत अस्सल प्रमाणित केबलच्या पाकिटावर स्कॅन करून तपासता येणारं लेबल असतं. मॅडमच्या मॉनिटरला खरं तर नीट बनवलेली High Speed केबलही पुरते, पण ते "नीट बनवलेली" बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून लेबल असलेली Premium घ्यायला सांगितली. केबल जितकी लांब हवी तितकीच घ्यावी. उरलेली लांबी खोचायला जागा शोधावी लागली की चेपण्याची सुरुवात तिथूनच होते.

नवी केबल आल्यावर ऑफिसातल्या त्या मुलीनेच ती लावली. मी फोनवर तिला फक्त दोन गोष्टी बघायला सांगितल्या: Active signal mode मध्ये 2560 × 1440 आलंय का, आणि गडद वॉलपेपर लावून ७५ हर्ट्झवर अर्धा तास ठेवलं तर ठिपका दिसतो का. दोन्ही ठीक निघालं.

हेच लक्षण, पण कारण खरोखर पोर्ट असतं तेव्हा

मदरबोर्डचा अंदाज इथे चुकीचा ठरला, तरी तो नेहमीच चुकीचा असतो असं नाही. नाव दिसतं आणि चित्र नाही, हे लक्षण जळालेल्या पोर्टमुळेही येतं. चित्राच्या जोड्या चालवणारा भाग मरतो आणि ईडीआयडी वाचणाऱ्या संथ तारा जिवंत राहतात. ओळखायचं असं: चांगल्या, छोट्या केबलने, चालू असल्याची खात्री असलेल्या टीव्ही किंवा मॉनिटरवर, यादीतला सगळ्यात खालचा पर्याय लावायचा, असेल तर ६४० × ४८०. तोही आला नाही आणि दुसरा लॅपटॉप त्याच केबलने त्याच टीव्हीवर चालत असेल, तर पोर्टवर संशय घ्यायला आधार आहे. त्याआधी नाही.

आपल्याकडे पोर्ट जळण्याचं एक कारण वारंवार दिसतं: अर्थिंग नसलेला बोर्ड. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर तिथे अर्थिंग नाही किंवा दोन पिनांचा चार्जर आहे असं समजावं. अशा लॅपटॉपच्या आणि वेगळ्या बोर्डवरच्या मॉनिटरच्या धातूत व्होल्टेजचा फरक असतो आणि एचडीएमआय जोडताना तो केबलमधून वाट काढतो. मॅडमच्या ऑफिसात लॅपटॉप आणि मॉनिटर दोन वेगळ्या बोर्डांवर होते. दोन्ही एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतले आणि केबल लावताना निदान मॉनिटरचं बटण बंद ठेवायला सांगितलं.

उबुंटू किंवा दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांना हीच पायऱ्यांची चाचणी टर्मिनलमधून आणखी सरळ करता येते, कारण एक्स-११ वर `xrandr` ने दिलेला मोड वेगळी स्केलिंग सांगितली नसेल तर सहसा तसाच केबलवर जातो. आउटपुटचं नाव पहिल्या आज्ञेच्या उत्तरात मिळतं. ते प्रत्येक मशीनवर वेगळं असू शकतं.

```
xrandr
xrandr --output HDMI-1 --mode 1280x720 --rate 60
xrandr --output HDMI-1 --mode 1920x1080 --rate 60
xrandr --output HDMI-1 --mode 2560x1440 --rate 60
```

खालच्या पायरीवर चित्र आणि वरच्या पायरीवर No Signal असेल तर केबल, मधलं कन्व्हर्टर किंवा जोडणी कमी पडते आहे. टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर मध्ये असेल तर एकदा केबल बदलून आणि एकदा कन्व्हर्टर बदलून, वेगवेगळं तपासावं. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा ते कळत नाही.

मॅडमना आता बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीसाठी दहा मीटरची केबल टाकायची आहे. तेवढ्या लांबीला साधी तांब्याची केबल न घेता आतच सिग्नल वाढवणारी अ‍ॅक्टिव्ह केबल घ्यायला मी सांगितलं आहे. तिची दोन टोकं सारखी नसतात. एकावर Source आणि दुसऱ्यावर Display किंवा TV असं छापलेलं असतं आणि ती उलटी लावली तर चित्र जात नाही. ओळखीच्या तारा मात्र दोन्ही दिशांनी चालू शकतात, त्यामुळे लॅपटॉपवर टीव्हीचं नाव येतं आणि टीव्हीवर No Signal. म्हणून ती भिंतीतल्या पाइपात ओढायच्या आधी जमिनीवर पसरून, लॅपटॉपकडचं टोक Source आहे ना ते वाचून, एकदा पूर्ण रिझोल्यूशनवर चालवून बघायची, आणि मगच इलेक्ट्रिशियनच्या हातात द्यायची.